डोळे बांधून घेतलेली मूठ

मला एका जागी बसवत नाही. वर्गात मी फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालतो आणि मुलं माझ्यामागे माना वळवतात. जळगावच्या कॉलेजात इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातला निम्मा वेळ चालण्यात गेला असेल. उरलेल्या निम्म्या वेळात मी नाटक केलं. ते मला आवडतं, मुलांनाही आवडतं आणि प्राचार्यांना आवडत नाही, म्हणून आणखीच आवडतं.

माझा सर्वांत गाजलेला प्रयोग वालाच्या दाण्यांचा. एका मोठ्या टोपलीत सहा रंगांचे दाणे: पांढरे, काळे, तांबडे, तपकिरी, पिवळट आणि ठिपक्यांचे. टोपली म्हणजे आफ्रिका, रंग म्हणजे जनुकांचे वेगवेगळे प्रकार. माणसाची सगळ्यांत जुनी वस्ती तिथली, म्हणून सगळ्यांत जास्त रंग तिथे. त्यातली एक छोटी टोळी बाहेर पडली, म्हणजे मी चिमूटभर दाणे उचलून पहिल्या वाटीत टाकायचे. टोळीला मुलंबाळं झाली, म्हणजे प्रत्येक दाण्यामागे त्याच रंगाचे आणखी चार दाणे घालायचे. मग त्या वाटीतून पुन्हा चिमूट, दुसरी वाटी, पुन्हा वाढ, तिसरी वाटी. अशा पाच वाट्या झाल्या की आपण समुद्र ओलांडून जगाच्या पार टोकाला पोचलो. शेवटच्या वाटीत फक्त पांढरे दाणे उरायचे आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. दर वर्षी पांढरेच. हे लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती इथूनच होणार आहे.

मेहरूणच्या तलावाकाठी सकाळी मी सगळ्यांना मागे टाकत चालत असताना माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती सातपुड्याच्या पायथ्याची, धुळे जिल्ह्यातल्या एका लहानशा गावची. तिच्या घरची शेती पावसाच्या पाण्यावर, बाकी मोहाची फुलं आणि मजुरी. त्या घरातून येऊन ती पीएच.डी. करत होती आणि विषय तिच्याच गावाचा होता: तिथल्या लोकांच्या लाळेतून काढलेला डीएनए. नमुने घेताना तिने सगळ्यांना शब्द दिला होता की निघेल ते आधी गावाला सांगेन आणि नको म्हणालात तर लाळेच्या नळ्या नष्ट करेन. निकाल आल्यावर तिने मराठीत एक पान लिहून गावाला पाठवलं. त्यात एक वाक्य होतं: आपल्या गावात जनुकीय वैविध्य कमी आढळले.

"सर, आबा म्हणतात, नळ्या फेकून दे."

आबा म्हणजे गावातले सर्वांत वडीलधारे. त्यांनी नको म्हटलं तर प्रबंधाचा निम्मा भाग जाणार होता. पण तिला ते इतकं बोचत नव्हतं. आपल्याच लोकांना कागदावर कमी ठरवून आली, असं घराघरांत बोललं जात होतं. तिची आई दोन दिवस पाणवठ्यावर गेली नव्हती.

मी तलावाला आणखी एक फेरी मारली आणि म्हणालो, मी येतो, वाट्या घेऊन येतो. तिने बरं सर म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, भारावली असावी.

धुळ्यात बस बदलून पुढे निघालो. सोनगीरचा किल्ला मागे पडला तरी मला स्वस्थता नव्हती. मनात वाक्यं जुळवत होतो, शेजारच्या प्रवाशाला टोपलीचं झाकण उघडून आफ्रिका दाखवत होतो. तो बिचारा पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसला.

गावात मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती. विद्यार्थिनीने आलेख खोडाला टांगला होता. आडव्या रेषेवर आफ्रिकेपासून पायी चालून येण्याचं अंतर, उभ्या रेषेवर वैविध्य. जगभरच्या लोकांचे ठिपके वरून खाली उतरत गेलेले आणि त्यांत एक लाल ठिपका गावाचा, उतरत्या रेषेच्याही किंचित खाली. वारा कागद सारखा फडफडवत होता आणि ती दोन्ही हातांनी तो दाबून उभी होती.

आबांनी लाल ठिपक्यावर काठी टेकवली.

"आम्हनं कमी काबर शे?"

आमचं कमी का, ते ती सांगू लागली. दोन वाक्यांत तिचा आवाज बारीक झाला. मग मी पुढे झालो. विंगेत थांबणं मला जमत नाही.

सुरुवात झकास झाली. माझे वाल शहरातले म्हणून एका म्हाताऱ्या अक्कांनी बाजूला सारले आणि घरून स्वतःचं बियाणं आणून टोपलीत ओतलं. राखेत ठेवलेलं, सगळे रंग एकत्र. मी राख झटकली, टोळी निघाल्याचं सांगितलं, चिमूट भरली. दाण्याला चार दाणे घालायला लागलो तेव्हा बायका हसल्या. त्यांना हे समजावून द्यावं लागलं नाही. जे पेरलं नाही ते उगवत नाही, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. मी वाटीमागून वाटी भरत गेलो, हातवारे करत, समुद्र ओलांडत, हिवाने कुडकुडत. शेवटची वाटी उंच धरली. सगळे दाणे पांढरे.

टाळी पडली नाही.

अक्का पुढे आल्या. वाटीत पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं.

"मास्तर, तू निवडी ऱ्हायना."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दर खेपेला तुझं बोट काळ्याला टाळतं, ठिपक्याच्याला टाळतं, आम्ही बियाणं निवडतो तेव्हा बोट असंच चालतं, असं त्यांनी शांतपणे सगळ्यांना सांगितलं. आणि खरं होतं ते. टाळी हमखास पडावी म्हणून वर्षानुवर्षं माझी बोटं पांढरे दाणे शोधायला शिकली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. किंवा होता, पण मी विचारला नव्हता.

आबांनी लगेच धागा पकडला. म्हणजे वाटेत कुणीतरी निवडत होतं. चांगले पुढे नेले, वाईट टाकले. मग आम्ही टाकलेले की नेलेले? माणसं एकमेकांकडे पाहू लागली, मागची दोन उठलीसुद्धा. मी वाट्या हलवत, घाम पुसत, तसं नाही तसं नाही म्हणत राहिलो. माझ्या नाटकाने त्या मुलीचं काम अर्ध्या तासात बुडवलं होतं.

तेव्हा ती पुढे आली. तिने आलेख सोडून दिला, तो वाऱ्याने उलटा होऊन खोडाला चिकटला. ओढणी काढून तिने अक्कांच्या हातात दिली आणि म्हणाली, "माझे डोळे बांध. कुणी निवडत नव्हतं. ज्याला जावं लागलं तो गेला. सरांनी चुकीचं दाखवलं."

चुकीचं हा शब्द तिने पीएच.डी.च्या पाच वर्षांत माझ्याबाबतीत प्रथमच वापरला. मला तो फार आवडला. आतून जळफळाटही झाला.

डोळे बांधून तिने चिमूट भरली. दाणे वाढवायचं काम बायकांनी घेतलं, मला हात लावू दिला नाही. पाचव्या वाटीत तांबडे आणि ठिपक्यांचे उरले, तपकिरी एखाद-दुसरा. पांढरा एकही नाही. आबा म्हणाले, पुन्हा. पुन्हा केलं. या वेळी काळे आणि पांढरे राहिले, ठिपक्यांचे नाहीसे झाले. मग अक्कांनी पदराने स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि तिसऱ्यांदा आणखीच निराळं निघालं.

ती डोळ्यांवरची ओढणी कपाळावर सरकवून बोलत होती, आता तिचा आवाज बारीक नव्हता. कुठला रंग जाईल ते आधी सांगता येत नाही, कारण तो रंग वाईट म्हणून जात नाही, चिमूट लहान असते म्हणून जातो. पण जितक्या वाट्या, तितके रंग कमी, हे दर वेळी होतं. म्हणून जो जितका लांब चालत गेला, त्याच्याकडे तितकं वैविध्य कमी. आपण वाटेवरच्या मधल्या वाट्यांपैकी. आपल्याहून लांब गेलेल्यांचं आणखी कमी. यात वर-खाली काही नाही, हा चालण्याचा हिशोब आहे.

वाटेत दुसरी माणसं भेटलीच असतील की, असं एका बाईने विचारलं. भेटली, ती म्हणाली, आणि सोयरिकी झाल्या, म्हणजे दुसऱ्या वाटीतले दाणे आपल्या वाटीत पडले. अधूनमधून एखाद्या दाण्याचा रंग आपोआप बदलतोही. म्हणून आलेखातले सगळे ठिपके रेषेवर नीट बसत नाहीत.

"मग आम्हना रेघना खाले काबर?" आबा काही सोडत नव्हते.

तिने उलट त्यांनाच विचारलं, की गाव वसलं तेव्हा किती घरं होती. आबा बोटांवर मोजू लागले. डोंगरावरून खाली उतरली ती मोजकी घरं, त्यांच्या आजोबांनी नावं सांगितली होती. लग्नं आसपासच्या चार पाड्यांतच. बोलता बोलता ते थांबले. मग वाकून मधल्या वाटीतून त्यांनीच चिमूटभर दाणे उचलले आणि जमिनीवर ठेवले.

"हाई आम्हनं गाव."

ही सहावी वाटी माझ्या नाटकात कधीच नव्हती.

अक्का मात्र अजून दाणे चाळत होत्या. प्रत्येक वाटीतला दाणा उचलायच्या आणि टोपलीत तसाच दाणा सापडतो का पाहायच्या. सापडायचा. टोपलीत नाही असा रंग एकाही वाटीत नव्हता. खात्री पटल्यावर त्यांनी सगळ्या वाट्या आणि आबांचं जमिनीवरचं गावसुद्धा टोपलीत परत ओतलं, कारण ते बियाणं होतं आणि पेरायचं होतं.

नळ्या ठेवायला आबांनी होकार दिला. अटी दोन. ते कमी असं लिहिलेलं वाक्य एकटं छापायचं नाही, त्याच पानावर टोपलीचं लिहायचं, गावच्या बोलीत. आणि दुसरी अट माझ्याकडे काठी करून सांगितली: कागद लिहायची परवानगी पोरीला आहे, मास्तरला नाही. माणसं हसली, मला हसू आवरेना, आणि ती पहिल्यांदा खाली बसली. तिची आई कळशी घेऊन निघाली आणि जाता जाता मुलीच्या कपाळावरची ओढणी नीट करून गेली.

आता वर्गात मी डोळे बांधून घेतो. कधी शेवटच्या वाटीत चार रंग राहतात आणि प्रयोग पडतो, तेव्हा आणखी एक वाटी मागवावी लागते. टाळ्या कमी झाल्या आहेत. डोळे बांधल्यामुळे येरझाऱ्याही घालता येत नाहीत, मी टेबलाला धरून उभा असतो आणि पायाची बोटं बुटात सारखी हलत असतात.