बोंडल्यातली नाचणी

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि तमिळ मुलखातल्या आमच्या तिरुवल्लिकेणीच्या दोन खोल्यांत दोन पक्ष पडले. एक सासूबाईंचा, नाचणीचा. दुसरा माझा, खोक्यातल्या तयार बेबी-सीरियलचा. नवरा कोणत्याच पक्षात नव्हता. तो पहाटे अंबत्तूरच्या कारखान्यात जायचा आणि परत आल्यावर दोन्ही बाजूंना मान डोलवायचा.

माझी बिनपगारी रजा मी ताणून ताणून मुलगी सात महिन्यांची होईपर्यंत नेली होती. त्यानंतर सिरुसेरीच्या ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी सातची कंपनीची बस, परत यायला संध्याकाळचे सात. मधले बारा तास लेकीनं नीट खाल्लं तरच मी जाणार होते. त्या महिन्यात मी एका जागी स्वस्थ बसल्याचं मला आठवत नाही. गॅलरीत जायचे, परत यायचे, झोपलेल्या मुलीच्या पोटाला हात लावून बघायचे.

सासूबाई चिपळूणहून येताना नाचणी घेऊन आल्या होत्या. भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून आणायची आणि मग मलमलच्या कापडातून चाळायची. समुद्राच्या दमट हवेत मोड आलेली नाचणी वाळता वाळेना, तर त्या पंख्याखाली ताट घेऊन बसल्या. मला ते सगळं बघून कौतुक वाटायचं आणि चीडही यायची. मी गेल्यावर हे सगळं रोज कोण करणार, आणि त्या तरी किती दिवस राहणार?

"अगं, माझी तीन पोरं यावरच वाढली," त्या म्हणायच्या.

"आई, यात लोह घातलेलं असतं. सहा महिन्यांनंतर बाळाला ते कमी पडायला लागतं," मी खोक्याची मागची बाजू वाचून दाखवायचे.

"आणि यात काय पेंड असते?"

आमच्या घरमालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, आम्हीही. भांडण ऐकून त्या एक दिवस वर आल्या आणि पदराखालून चोचीचं चांदीचं छोटं भांडं काढलं. "हें पालाडै. माझ्या सगळ्या लेंकरांस ह्यांतच तांदळाची कंजी पाजली मी. ठेवून घ्या हो."

"अगंबाई, हे तर आपलं बोंडलं!" सासूबाई हरखल्या. दोन टोकांच्या दोन म्हाताऱ्यांचं एका भांड्यावरून असं जमलं की मला बोलायला जागाच उरली नाही.

तेव्हापासून मुलीला मांडीवर आडवं घ्यायचं आणि बोंडल्याची चोच ओठाला लावायची. नाचणी चोचीतून उतरायला हवी म्हणून सासूबाई ती सैल शिजवायच्या. शिवाय घशात अडकेल ही धास्ती होतीच. मुलगी गटागट प्यायची. दिवसातून चार वेळा बोंडलं भरायचं आणि रिकामं व्हायचं. सासूबाईंचा चेहरा फुलायचा.

आणि मी? अकरा वाजता सासूबाई देवळात गेल्या की मी खोकं काढायचे. सात महिने झाले की मुलगी खोक्यावरच राहणार, तर तिला आताच सवय हवी, असा माझा हिशेब. तेही बोंडल्यातूनच पाजायचे, कारण चमच्यानं द्यायला गेले की ती जिभेनं बाहेर ढकलायची. चोचीतून उतरावं म्हणून मी छापलेल्या मापाच्या निम्मीच पूड घालायचे. वाटी धुऊन ठेवायचे, खोकं साड्यांमागे सारायचे, ताकास तूर लागू द्यायचे नाही.

महिन्याभरात एकच गोष्ट झाली नाही. मुलीचं वजन वाढलं नाही. ती अंगावरचं दूधही पहिल्यासारखं पिईना, दोन घोट घेऊन मान वळवायची. मग तासाभरात किरकिर सुरू. मी मनात म्हणायचे, ही नाचणी पचत नाही तिला. सासूबाईंच्या मते माझंच दूध आटलं होतं, ते मला त्यांच्या भांडी घासण्याच्या आवाजावरून कळायचं.

रुजू व्हायला पाच दिवस उरले असताना आम्ही दोघी तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. काटा महिन्यापूर्वी होता तिथंच. साडेसहा किलो. 

"खायला काय देता?" डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

"घरची नाचणी. दुसरं काही नाही," सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या.

मला राहवेना. "आणि अकरा वाजता खोक्यातलं, चोचीतून उतरावं म्हणून निम्म्या मापाचं," मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मुलीनं भोकाड पसरलं. सासूबाईंनी सवयीनं पिशवीतून नाचणीचा डबा आणि बोंडलं काढलं. तिथली वयस्कर नर्स पुढं आली, डब्यातून एक चमचा भरला आणि वाकडा केला. सगळी नाचणी धारेनं परत डब्यात.

"एन्नम्मा इदु? वेरुम तण्णी!" ती म्हणाली. सासूबाईंना तमिळ येत नव्हतं, पण डब्यात पाणीच आहे एवढं त्यांना त्या धारेवरून कळलं.

डॉक्टर शांतपणे बोलले. हिचं पोट हिच्या मुठीएवढं. ते दिवसातून चार-पाच वेळा पाण्यानं भरलं तर आईच्या दुधाला जागा कुठं राहणार? आधी दूध, मग वाटीतलं, आणि ते चमच्यावर टिकेल इतकं घट्ट. नाचणी उत्तम, वर थोडं तूप घाला, मऊ वरणभात द्या, उकडलेली भाजी कुस्करून द्या. लोहासाठी खोक्यातलं एखाद्या वेळी दिलंत तरी चालेल.

"पण माप छापलेलं असताना तुम्ही निम्मं का घातलंत?" त्यांनी मला विचारलं.

ऑफिसात माझं काम दुसऱ्यांनी सूचना नीट पाळल्या की नाही ते तपासण्याचं. महिनाभर आम्ही दोघींनी आपापल्या हातानं, प्रेमानं, एकमेकींना हरवायला, माझ्या लेकीला उपाशी ठेवलं होतं. मला तिथंच रडू कोसळलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. त्या डब्याचं झाकण घट्ट लावत होत्या.

घरी येताच त्यांनी बोंडलं घासूनपुसून मामींना परत दिलं. मग पुढचे दिवस स्वयंपाकघरात घट्ट नाचणी, तुपाची धार, मुलीला बसवून धरायचं आणि अर्धा चमचा. पहिले दोन दिवस तिनं सगळं जिभेनं बाहेर लोटलं. सासूबाई हनुवटीवरचं गोळा करून पुन्हा तोंडात घालत. "शिकेल गं," त्या मला म्हणायच्या, की स्वतःला, कोण जाणे. खोकं आता साड्यांमागे नव्हतं, नाचणीच्या डब्याशेजारी होतं. ते त्यांनीच तिथं ठेवलं.

सोमवारी सकाळी मुलीला पाजून, दिवसभरासाठी दूध काढून ठेवून मी तयार झाले. बस यायला दहा मिनिटं होती. पर्स घेतली, ठेवली, दार उघडलं, परत आत आले. साडेसहा किलोचा तो काटा डोळ्यांपुढून हलेना.

सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी चमचा भरला आणि माझ्यासमोर धरून सरळ उपडा केला. नाचणी चमच्याला घट्ट चिकटून राहिली.

"पडली नाही," त्या म्हणाल्या. "जा आता."