फुल फॉरमॅटवाले आमचे हे

आमचे हे कुठलंही काम अर्धवट करत नाहीत, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. परवा त्यांनी रिकामी समजून लेकीची हार्ड डिस्क फॉरमॅट केली. तिच्या प्रबंधासाठी घेतलेल्या सगळ्या मुलाखती त्या डिस्कमध्येच होत्या. लेकीचं रडं थांबेना.

डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "क्विक फॉरमॅट केलंत की फुल?"

"फुल!" हे छाती काढून म्हणाले.

"मग अवघड आहे. फुलमध्ये तासन्‌तास सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात, काही उरत नाही. क्विकमध्ये नुसती अनुक्रमणिका नवी होते. वर दुसरं काही लिहिलं नसेल, तर जुनं बरंचसं सापडतं."

लेकीचं रडं पुन्हा सुरू झालं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"अहो, किती वेळ लागला होता?" मी विचारलं.

"चहा गाळेपर्यंत झालं," ते पुटपुटले. "क्विकच होतं."

"नंतर त्यात काही कॉपी केलंत?" बाईंनी विचारलं.

"करणार होतो. कंटाळा आला."

मुलाखती जवळजवळ सगळ्या परत मिळाल्या. आता हे दिरांना फोनवर सांगताहेत, "अरे, मी मुद्दामच क्विक केलं होतं!"