सव्वासहाचा पंच

बाबा कामगारांची पत्रकं लिहायचे आणि रविवारी आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. त्यांचा एकच नियम होता: मागणी एक, ती ठळक, आणि सगळ्यात वर. डायरेक्टरांसाठी पहिली स्लाइड करताना मी तेच केलं. ‘एक माणूस हवा.’ बाकी सगळं त्याच्या खाली.

सानपाड्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही पाच जण निर्यातीची कागदपत्रं करतो. कंटेनरचं वजन, नंबर, मालाचं वर्णन जुळवून जहाज कंपनीला वेळेत पाठवायचं. उशिरा किंवा चुकीचं गेलं, तर ती दुरुस्तीचे पैसे लावते. हिशेब सरळ होता. महिन्याला बाराशे फाइल्स, एकीला पाऊण तास, म्हणजे नऊशे तास. पाच जण, बावीस दिवस, जेवण आणि फोन वगळून रोजचे साडेसहा तास: सातशे पंधरा. सव्वा माणूस कमी पडत होता. मी एकच मागणार होते, पाव आम्ही भागवू.

खर्चही मांडला होता. नवा माणूस पगार, पीएफ, जागा धरून महिना पंचेचाळीस हजार. आमच्या चुकांपायी कंपनी दुरुस्तीला भरत होती सत्तर हजार. आणि त्यातल्या दोन तृतीयांश चुका संध्याकाळी सहानंतर सेव्ह झालेल्या फाइल्समधल्या. दमलेल्या डोळ्यांच्या चुका. त्या थांबल्या, तर माणूस फुकटात पडत होता.

पण मला माणूस हवा होता तो ताईसाठी. ताई आमच्यातली सगळ्यात जुनी, घणसोली गावातली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सांभाळणारी बाई सातला जाते. ताई पोचते आठला. तो एक तास म्हातारी एकटी. “या महिन्यात मानूस नाय आला तं मी राजीनामा देते, बाय,” तिने मला सांगितलं होतं. “रडून नाय सांगत. हिशेब करून सांगते.”

डायरेक्टरांनी स्लाइड्स नीट पाहिल्या. आमचे मॅनेजर शेजारी मान डोलवत होते. डायरेक्टर सर सहानंतरच्या चुकांवर थांबले.

“हे चांगलं काढलंय. फक्त एक सांगा.” त्यांनी लॅपटॉपवर हजेरी उघडली. “सहानंतर तुमच्यातलं ऑफिसात असतं कोण? सगळ्यांचा पंच सव्वासहा. तुमचाही.”

माझे कान तापले.

आमच्याकडे रीतच आहे. सव्वासहाला दाराशी जायचं, कार्ड लावायचं आणि परत येऊन खुर्चीत बसायचं. ओव्हरटाइमच्या फॉर्मवर मॅनेजरची सही लागते आणि मॅनेजर म्हणतात, “डिपार्टमेंटचा आकडा कशाला खराब करता?” मी नवीन असताना ताईनेच हाक मारली होती, “चल, पंच मारून येऊ, मग बसू.” पत्रकांवर वाढलेली मी, दोन वर्षं रोज तिच्यामागून जात होते.

“सर, आम्ही पंच मारून परत बसतो,” मी म्हणाले. “साडेसातपर्यंत.”

मॅनेजरांना एकदम फोनमध्ये काहीतरी सापडलं.

“म्हणजे हजेरी खोटी,” सर शांतपणे म्हणाले. “आणि त्याच टीमच्या डेटावर मी माणूस देऊ? हेड ऑफिस आधी हजेरीच बघतं. तीन महिने खरे पंच मारा, मग या. मी स्वतः फाइल पुढे नेईन.”

“दोन वर्षं फुकट काम आम्ही केलं, सर. तोटा कुणाला झाला?”

“तुम्हालाच,” ते म्हणाले. “दिसतंय ना.”

याचीच चीड आली. ते ओरडले असते, तर मला भांडता आलं असतं. सहीशिवाय ओव्हरटाइम नाही हा नियम ज्यांनी केला, तेच आता आमच्याकडे पुरावा मागत होते. आणि तो पुरावा आम्ही आमच्याच हातांनी रोज सव्वासहाला पुसला होता.

बाहेर आल्यावर मॅनेजर म्हणाले, “एवढं बोलायची गरज होती का?” मी सरळ ताईच्या टेबलाकडे निघाले. तोंड उघडलं असतं, तर नोकरी गेली असती.

ताईला सगळं सांगितलं. आजपासून काम संपल्यावरच पंच, सगळ्यांनी, ओव्हरटाइमचा फॉर्म रोज मॅनेजरच्या टेबलावर, सही करोत न करोत. ती ऐकत होती. मग घड्याळाकडे बघून उठली, दाराशी जाऊन कार्ड लावून आली.

“ताई! आत्ता काय बोलले मी?”

ती कार्डाकडे बघत राहिली. “सवय गं,” म्हणाली. समोर चार फाइल्स होत्या. ती बसली नाही. पर्स उचलली.

“आज पंच खरा करते,” ती म्हणाली. “तीन महिने तुमी मोजा. माझी सासू नाय थांबायची.”

त्या चार फाइल्स मी केल्या. माझा पंच आठ वाजून दहा मिनिटांचा पडला. पहिला खरा. राजीनाम्याचा मेल त्याआधीच येऊन पडला होता.

आता आम्ही चौघं आहोत. ताईच्या जागी माणूस घ्यायला सरांनी लगेच मंजुरी दिली. बदलीच्या माणसाला डेटा लागत नाही.