तुळशीला पाणी घालेपर्यंत

रोहिणखेडात माणिकरावांना माणिकराव कोणी म्हणत नाही. वायरमन म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी वीज गेली की शेजारीपाजारी आधी त्यांच्याच दाराकडे बघतात. खांबावर चढायला हा माणूस कधी घाबरला नाही. स्वयंपाकघरात मात्र पाणी पिण्यापलीकडे त्यांचं काम पडलं नव्हतं.

पौषात गीताबाईंना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजायचं सगळं. डॉक्टर म्हणाले, गिळायला अडचण नाही, मऊ आणि कमी तिखट द्या. पण त्या दोन घास खायच्या आणि तोंड फिरवायच्या. खिचडी नको, वरण नको, शेजारच्या भिमाबाईंनी आणलेलं काहीच नको.

पुण्याहून गजेंद्रचा फोन आला. "अप्पा, आई वाळत चालली. तुम्हाला करता येत नाही. मी रविवारी येतो, दोघांनाही घेऊन जातो."

"थे पाटोडी खाईल," माणिकराव म्हणाले.

"कोण करणार पाटोडी?"

माणिकरावांनी फोन ठेवला. घर सोडायची गोष्ट निघाली की गीताबाईंचा डावा हात खाटेची कड घट्ट धरायचा. ते त्यांनी पाहिलं होतं.

पाटोडी, म्हणजे रश्शातली बेसनाची वडी, भिमाबाईंनीही करून पाहिली होती. गीताबाईंनी वास घेतला आणि डोळे मिटले. "थे बोलू शकत होती तेव्हाही माह्या पाटोडीले नावंच ठेवायची," भिमाबाई हसत म्हणाल्या. "आता मुकाट्यानं ठेवते, एवढाच फरक."

मग माणिकरावांना व्हिडिओ आठवला. मागल्या दिवाळीत सून अश्विनीनं सासूची पाटोडी फोनवर चित्रित केली होती. माणिकरावांनी तो लावला आणि बायकोचा आवाज घरात ऐकू आला. खाटेवर गीताबाईंनी मान वळवली. माणिकरावांना पुढचं काही दिसेना. त्यांनी फोन उचलला आणि थेट भिमाबाईंच्या मुलीकडे, रेणुकाकडे गेले. रेणुकानं मराठीत एम.ए. केलं होतं.

"पोरी, हे मले लिवून दे. किती, कवा, कशाच्या मागून काय. पाह्यत पाह्यत माह्याच्यानं होत नाही."

"काका, मलेही पाटोडी येत नाही."

"तुले लिवता तं येते ना?"

रेणुकानं व्हिडिओ आधी नुसता पाहिला. मग थांबवत थांबवत पाहिला. गीताबाई त्यात एकच माप सांगत होत्या, उलसक, म्हणजे थोडंसं. तेल उलसक, मीठ उलसक, हळद उलसक.

"तेल पाहा काका. अर्धी पळी ओतली आणि म्हणते उलसक."

"तिचं उलसक असंच राह्यते," माणिकराव म्हणाले. "लग्नात उलसक सामान आणलं होतं. बैलगाडी भरली होती."

रेणुकानं व्हिडिओतली भांडी ओळखून काढायला लावली. माणिकरावांनी मांडणीवरून तीच वाटी आणली, तोच पेला आणला. बेसनाच्या दोन वाट्या, पण शिगोशीग. त्या तशाच भरून रेणुकानं किराणा दुकानात तोलून आणल्या. पाव किलो भरलं. पाणी दोन पेले, म्हणजे अर्धा लिटर. मीठ तीन बोटांच्या दोन चिमटी. माणिकरावांच्या बोटात जास्त यायचं, म्हणून रेणुकानं स्वतःच्या चिमटीनं मोजलं आणि एक छोटा चमचा लिहिलं. व्हिडिओत पाणी उकळायला लागल्यावर गीताबाई म्हणाल्या होत्या, "अवं, हिंग राह्यला." रेणुकानं हिंग उचलून फोडणीत नेला, जिथं तो असायला हवा होता. तिखट तिनं निम्मं केलं आणि बाजूला तसं लिहिलं.

शेवटी कागद तयार झाला. आधी ताटाला तेल लावून ठेवा. तेल तापवा. मोहरी, जिरं, हिंग, लसूण, तिखट, हळद. पाणी आणि मीठ घाला, खळखळ उकळू द्या. आच मंद करा. एका हातानं बेसन घाला, दुसऱ्यानं सारखं घोटा, गाठी मोडा. झाकण ठेवा. ताटावर अर्धं बोट जाडीचं थापा, निवू द्या, वड्या पाडा. रश्शाचा वेगळा कागद.

झाकणापाशी रेणुका अडली होती. व्हिडिओत गीताबाई झाकण ठेवून म्हणतात, "आता वाफ येऊ द्याची. तोवर मी तुळशीले पाणी घालून येतो." तिथं अश्विनीनं फोन बंद केला होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा गीताबाई ताटावर गोळा थापत होत्या.

"तुळशीले पाणी घालाले किती वेळ लागते?" रेणुकानं विचारलं.

माणिकरावांनी तांब्या घेतला, अंगणात गेले, पाणी घातलं, हात जोडले, परत आले. रेणुकानं फोनवर वेळ लावली होती. तिनं लिहिलं, दोन मिनिटं.

त्या संध्याकाळी माणिकरावांनी कागद भिंतीला चिकटवून पाटोडी केली. वड्या सुरीला चिकटल्या. रश्शात टाकल्या तशा त्यांच्या कडा विरघळल्या. गीताबाईंनी एक तुकडा तोंडात घेतला, थोडा वेळ धरला आणि डाव्या हातानं ताट सरकवलं. माणिकरावांनी चाखून पाहिलं. बेसन कच्चं होतं.

सकाळी रेणुका आली. तिघांनी व्हिडिओचा तो भाग पुन्हा पाहिला. "तोवर मी तुळशीले पाणी घालून येतो." माणिकराव बायकोकडे वळले. "अवं, दोनच मिन्टं नं?"

गीताबाईंच्या घशातून काहीतरी निघालं. रेणुका दचकली. तिला वाटलं, त्रास होतोय. पण गीताबाई हसत होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी. त्यांनी डावा हात उचलला आणि तुळशीकडे दाखवला. मग हात तुळशीच्या पुढं नेला, मधल्या बुटक्या भिंतीकडे. मग बोटं आणि अंगठा एकमेकांवर आपटत राहिल्या. बोलणारं तोंड.

भिंतीपलीकडून भिमाबाईंनी डोकं काढलं. "काय झालं वं?"

माणिकरावांना उमजलं. ते ओट्यावर बसून रोज ऐकत आले होते. तांब्या तुळशीत रिकामा व्हायचा आणि मग गीताबाई त्या रिकाम्या तांब्यासकट भिंतीला टेकायच्या.

"भिमाबाई, तुम्ही दोघी तिथं किती वेळ बोलत होत्या?"

"कोण बोलते?" भिमाबाई म्हणाल्या. "भाजी काय केली, एवढंच इचारते. भाजी करपली तं माह्याच नावानं बोंबलायची, म्हणून मीच तिले हाकलायची."

माणिकरावांनी पुन्हा बेसन घोटलं, झाकण ठेवलं आणि भिंतीपाशी गेले. "काय भाजी केली?" त्यांनी विचारलं. भिमाबाईंनी सांगायला सुरुवात केली. वांगं, वांग्यातली अळी, अळीवरून जावई. रेणुका आत शेगडीशी उभी होती. मधेच झाकण काढून तिनं ओलं बोट गोळ्याला लावलं. चिकटलं. पुन्हा झाकलं. पुढच्या वेळी, आठ मिनिटांनी, बोट स्वच्छ सुटलं. तिनं दोन खोडून आठ लिहिलं. खाली लिहिलं, ओलं बोट चिकटायला नको.

रविवारी गजेंद्र आला, तेव्हा अप्पा बेसन घोटत होते. त्यांनी आच मंद केली, झाकण ठेवलं, तांब्या उचलला आणि बाहेर गेले.

"अप्पा, गॅस चालूच आहे," गजेंद्र उठला.

गीताबाईंनी डाव्या हातानं त्याला खाली बसवलं. बाहेरून भिमाबाईंचा आवाज येत होता. गजेंद्रनं भिंतीवरचा कागद वाचला, एकदा वरून खाली, मग परत.

वड्या सुरीला न चिकटता सुटल्या. गीताबाईंनी एक खाल्ली. दुसरी स्वतःच्या हातानं उचलली. मग भाकरीकडे बोट दाखवलं.

गजेंद्रनं त्यांच्यासाठी रिकामी आणलेली बॅग रिकामीच नेली. निघताना त्यानं कागदाचा फोटो काढला. "अश्विनीला दाखवतो," म्हणाला. "पण आठ मिनिटं ती काय करणार, आमच्याकडे शेजारी दारच उघडत नाहीत."