पावसाच्या तक्त्यातला नवा रकाना

लोणंदजवळ मी पाऊस मोजायचो, तेव्हाच्या तक्त्यांचे फोटो मुलीने सांगलीत विश्रामबागच्या घरी संगणकावर घेतले. प्रोग्रॅम आधी आडव्या-उभ्या रेघा शोधून चौकटी पाडायचा, मग चौकटीतला आकडा वाचून एक्सेलमध्ये भरायचा. एका पानावरची उभी रेघ पुसट होती, त्यामुळे तारीख आणि पाऊस एकाच चौकटीत शिरले. मुलीने पडद्यावर रेघ ओढली, तेव्हा ते वेगळे झाले.

पानांशी ताडून मी चुकलेले आकडे दुरुस्त करवले. पण आता माझ्या सहकाऱ्याचे तिरके, गोलसर आकडेही माझ्या आकड्यांसारखेच छापील दिसत होते. मी सांगलीला घरी यायचो तेव्हा पाऊस तोच मोजायचा. "जा गड्या, पाऊस काय तुझं तोंड बघून पडतोय व्हय?" म्हणायचा. महिन्याच्या तक्त्याखाली सही मात्र माझी असे, आणि एका पावसाळ्याच्या चोख नोंदींची शाबासकीही मलाच मिळाली. तो वारला तरी मी गप्पच राहिलो.

"झाला तक्ता, बाबा," मुलगी म्हणाली.

"अजून एक रकाना घाल. मोजणाऱ्याचा."

मग फोटोतलं अक्षर ओळखत मी ओळीओळीला नाव सांगत गेलो. त्या पावसाळ्यातल्या बहुतेक ओळी त्याच्याच निघाल्या.