समारोपाचे गुण

मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीत मी एकच गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसवली. निबंधाला समारोप हवा. समारोप नसेल तर गुण कापले जाणार. पाथर्डीच्या आमच्या शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन यायची. कारखान्याच्या तळावरच्या पहाटेबद्दल ती असं लिहायची की वाचताना मला शाल ओढून घ्यावीशी वाटे. आणि मग खाली, केवळ माझ्या धाकानं, 'म्हणून आपण सर्वांनी कष्टाचे महत्त्व ओळखले पाहिजे.' मी त्याखाली लाल शाईनं 'छान' लिहायची.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते याच हातानं झालं.

माझी धाकटी बहीण आणि मी, दोघी बिनलग्नाच्या, शेवटपर्यंत एका घरात राहिलो. ती मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायची. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही नगरला डायलिसिसला जायचो. पहाटेची एसटी, कारंजीचा घाट, तिकडे चार तास यंत्राला जोडून पडणं, आणि परतीच्या वाटेवर तिची उलटी. दिवसाला पाणी मोजून. त्यातून दोन वर्षं काढली, आणि मग एक खेप चुकली आणि ती गेली.

दफनविधीच्या वेळी आमचे पाळकसाहेब बोलले. आपली भगिनी हरली नाही, म्हणाले. तिनं ठरवलं. यंत्र शांतपणे बाजूला केलं आणि बापाच्या घरी जायला निघाली. सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. त्यानंतरचं वर्ष मी त्या एका वाक्यावर काढलं. कुणी भेटायला आलं की मीच सांगायची, "तिनं ठरवलं होतं." समोरच्या माणसाचा चेहरा सैल व्हायचा, मग मी चहा टाकायची.

वर्ष भरत आलं तेव्हा चर्चच्या मंडळीच्या मासिकासाठी तिच्यावर लेख लिहायचं ठरलं. मासिकाची संपादिका माझी कॉलेजची मैत्रीण. नगरला प्राध्यापकी करून निवृत्त झालेली, जिभेला हाड नसलेली बाई. मी लेख पाठवला. शेवटी लिहिलं होतं, 'मृत्यूला हसतमुखाने सामोरे कसे जावे हे तिने आम्हाला शिकवले. जीवनाचे मोल त्याच्या लांबीत नसते.' लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. स्वतःलाच पैकीच्या पैकी दिले होते म्हणा ना.

आठवड्यानं तिचा फोन. "ये इकडे. फोनवर बोलण्यासारखं नाही."

गेले. चर्चच्या आवारात मागे एक खोली आहे, तिथं मासिकाचं काम चालतं. तिच्या टेबलावर पुढच्या अंकाची पानं पसरलेली. तिनं कात्री घेतली, माझा शेवटचा परिच्छेद कापला, आणि राहुरीच्या एका म्हाताऱ्या मास्तरांवर कुणीतरी लिहिलेल्या लेखाखाली नेऊन ठेवला.

"वाच."

वाचलं. 'तिने'च्या जागी 'त्यांनी' केलं की चपखल बसत होता. मास्तरांचा मुलगा तो छापून आल्यावर डोळे पुसत मला फोन करेल, इतका चपखल.

"आता तुझ्या लेखात काय कमी झालं ते सांग," ती म्हणाली.

काही कमी झालं नव्हतं. त्याचाच मला संताप आला. मी म्हटलं, "तुझी बहीण मेलेली नाही, म्हणून तुला कात्री चालवता येते." तिनं ते ऐकून घेतलं. वर चहाही मागवला. अशा माणसाशी भांडता येत नाही.

घरी येऊन मी दुसरा शेवट लिहिला. या वेळी उपदेश अजिबात नको असं ठरवून. तिचं शिलाई मशीन, त्यावरचं झाकण, खिडकीतून येणारं उतरतं ऊन. वाक्य अर्ध्यावर सोडून पुढे तीन टिंबं. पाठवलं. तिचा फोन आला, "अगं, हा तोच उपदेश आहे, फक्त गप्प बसलाय. ऊन बघून वाचकानं उसासा टाकायचा आणि पान उलटायचं. तुला त्या उन्हात काय दिसलं?"

"काही नाही दिसलं."

"मग कशाला लिहिलंस?"

तिसऱ्या खेपेला मी प्रश्न विचारून लेख संपवला. मरण म्हणजे तरी काय, असा काहीतरी. तो तिनं हसण्यावारी नेला. मग मात्र तिचा आवाज बदलला. "ऐक. लिहायला बसलीस तेव्हा तुला माहीत होतं तेवढंच शेवटी येतंय. पाळकांचं वाक्य तू आधीच हातात धरून बसलीयस आणि सगळा लेख तिथं ढकलत नेतेयस. नवा शेवट शोधू नको. मागं जा. दोन वर्षांचा प्रवास तू तीन पानं लिहिलास. घाटातलं वळणसुद्धा लिहिलंस. आणि त्या शेवटच्या शुक्रवारी एकच वाक्य. 'त्या शुक्रवारी तिने जायचे नाही असे ठरवले.' तिथं घाई केलीस तू. तो दिवस सावकाश लिही. शेवटाचं मग बघू."

मी चिडून फोन ठेवला. त्या दिवसात लिहिण्यासारखं आहे काय, हा माझा राग. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बसले. तिला खोटं पाडायला म्हणूनच बसले.

पहाटे मी तिला हाक मारली. ती पांघरुणातून म्हणाली, "आज नको ना गं." आधीही म्हणायची, आणि मी ओढून उठवायची. त्या दिवशी माझेही गुडघे धरले होते. मी म्हटलं, "बरं, नको." आणि आम्ही दोघी परत झोपलो. उठलो तेव्हा ऊन अंगणात आलेलं. शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटलं आम्हाला, खरंच सांगते. तिनं न्हाणं केलं, केस मोकळे सोडून ओट्यावर बसली. दुपारी तांब्याभर ताक प्यायली. मी म्हटलं, "अगं, पाणी चढेल अंगात." ती म्हणाली, "मंगळवारी काढतील की."

इथपर्यंत लिहून मी थांबले. ते वाक्य मी विसरले नव्हते. वर्षभर ते मला माहीत होतं. फक्त कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मग बाकीचं आपोआप आलं. संध्याकाळी शेजारची सून शिवायला टाकलेल्या ब्लाऊजचं विचारायला आली. म्हणाली, "मावशी, तुमाला बरं न्हाई, ऱ्हाऊ द्या. दुसरीकडं टाकते."

"दुसरीकडं कशाला? बाह्या लावायच्याच राहिल्यात," बहीण म्हणाली. "रविवारी ये. उपासना झाल्यावर ये."

"लई घाई न्हाई हो."

"ये म्हटलं ना."

रविवारपर्यंत तिचे पाय सुजले. सोमवारी धाप लागली. मंगळवारी पहाटे एसटीत चढण्याची ताकद तिच्यात नव्हती. जीप करून येईपर्यंत उजाडलं. घाट उतरताना तिनं मला विचारलं, "उशीर झाला तर आपला नंबर जाईल का?" मी म्हटलं, "नाही जाणार." दवाखान्याच्या दारात तिला उतरवली तेव्हा तिला शुद्ध नव्हती. यंत्राला जोडण्याआधीच ती गेली.

कुणी काही ठरवलं नव्हतं. तिनं यंत्र बाजूला सारलं नव्हतं, ती यंत्राकडेच निघाली होती. तिला एक शुक्रवार सुट्टी हवी होती, तेवढंच. तो एकच शुक्रवार तिच्या शरीराला झेपला नाही. यात धैर्य नव्हतं, शांती नव्हती, आणि शिकण्यासारखं तर काहीच नव्हतं. मी पानं पुढ्यात घेऊन बसून राहिले. माझा हात सवयीनं खाली एक ओळ लिहायला गेला, काहीतरी 'तरीही'नं सुरू होणारी. 'तरीही' एवढंच लिहिलं आणि खोडलं. पुढे काही नव्हतंच.

लेख मी तिथंच थांबवला, नंबर जाईल का या तिच्या प्रश्नावर आणि माझ्या उत्तरावर. नगरला स्वतः घेऊन गेले. मैत्रिणीनं वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. कात्री तिथंच टेबलावर होती, तिला हात लावला नाही.

"पाळकसाहेबांना वाईट वाटेल," ती म्हणाली.

"वाटू दे."

"खाली थोडी जागा उरते. शास्त्रातलं एखादं वचन टाकते दरवेळी. टाकू?"

"नको."

अंक निघाला. भगिनी मंडळातल्या बायका आता मला पूर्वीसारखं तिच्याबद्दल विचारत नाहीत. एकीनं रस्त्यात गाठून सांगितलं, "असं कशाला लिहिलंत हो, चांगली गेली होती की ती." तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पाळकसाहेब भेटले तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

मैत्रिणीनं परवा फोनवर विचारलं, "लिहून मोकळं वाटलं का गं?"

मी म्हटलं, "नाही. आधी बरं होतं."

खरंच बरं होतं. ठरवून गेलेल्या बहिणीसाठी मी वर्षभर रडले नव्हते. रडायचं काही कारणच नव्हतं, तिचं सगळं नीट झालं होतं, तिचं तिनं संपवलं होतं, माझ्याकडे उरलं होतं ते लोकांना सांगणं आणि चहा टाकणं. माझं सांत्वन करता करता त्या वाक्यानं तिलाच माझ्यापासून लांब नेऊन ठेवलं होतं, आणि मला ते कळलंही नव्हतं. आता जी परत आलीय ती ओट्यावर केस वाळवत बसलेली, मरायची कसलीच तयारी न केलेली बाई आहे. तिला अजून जगायचं आहे. आणि मी तिला काय सांगू?