फाटका कोपरा आणि पंधरा दिवसांची मुदत

माझी शाळा चौथीत सुटली. वडील म्हणाले, पत्र वाचता आलं, पत्र लिहिता आलं, बास झालं. चौथीच्या पुस्तकात 'मामांस पत्र' असा एक धडा होता. तो मी इतका घोकला होता की लग्न होऊन कृष्णाकाठावरनं थेट जालन्याला येऊन पडले, तरी माहेरी जाणारं प्रत्येक पत्र त्याच चालीवर जायचं. आधी नमस्कार, मग 'इकडील सर्व मंडळी खुशाल', मग पत्रास कारण. त्या पत्राशिवाय माहेराशी दुसरा धागा नव्हता. दोन गाड्या बदलून, रात्र काढून जायचं गाव ते.

निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचे हे जुन्या जालन्यात एका अडत दुकानात हिशेबाच्या वह्या लिहायला होते. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. आष्टीकडचं शेत चुलत्यांकडे होतं. घरात आम्ही दोघं, आणि औरंगाबादेत कॉलेजला असलेले माझे दीर. घराण्यातला कॉलेजात गेलेला तो पहिला माणूस. ह्यांनी स्वतः सातवीत शाळा सोडून भावाला शिकवलं. सुट्टीत भाऊजी आले की हे त्यांची जाडी पुस्तकं नुसती हातात घेऊन बघत बसायचे.

त्या वर्षी थंडीत ह्यांना ताप आला. आठ दिवस उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, मुदतीचा ताप आहे, टायफॉइड. निरोप गेल्यावर भाऊजी दुसऱ्याच दिवशी आले. आल्यापासून भावाच्या उशाशी बसले ते उठेनात. कपाळावर पट्ट्या ठेव, गोळ्या दे, पेज भरव. मी विहिरीवरनं आले तरी तसेच बसलेले.

पाचव्या दिवशी त्यांच्या खोलीतल्या सोबत्याचं कार्ड आलं. भाऊजींनी ते वाचलं आणि ट्रंकेखाली सारलं. ते दवाखान्यात गेल्यावर मी काढून वाचलं. लिहिलं होतं, सरांनी सगळ्यांचे निबंध पंधरा तारखेच्या आत मागितले आहेत. निबंध आल्याशिवाय परीक्षेच्या फॉर्मवर सही करणार नाहीत. तुझा अर्धाच झाला आहे, लवकर ये.

तो निबंध मला ठाऊक होता. आपल्याकडच्या आठवडी बाजारांवर होता. दिवाळीत भाऊजी कुंभार पिंपळगावच्या बाजारात तीन बुधवार फिरले होते, कुठल्या गावचा माणूस काय आणतो नि काय घेऊन जातो हे लिहीत. हे तेव्हा हसून म्हणाले होते, "लेका, बाजार करायचा सोडून बाजार लिहून राह्यला!"

भाऊजी आल्यावर मी विचारलं, "पंधरा तारखेचं काय करायचं?"

"काई न्हाई. मी आता जात न्हाई, वहिनी. दादाला असं टाकून म्या निबंध लिहीत बसू?"

"पण सरांना कळवा तरी."

"काय कळवू? भाऊ बिमार आहे म्हनून? वर्गात निम्म्यांचा भाऊ बिमार, निम्म्यांची माय बिमार. सर हसतेत. कॉलेज झालं तेवढं पुरे झालं. दुकानात दादाची जागा हाये, ती धरतो."

ते सहज बोलले. पण 'दादाची जागा' म्हटल्यावर माझ्या मनात एकदम दोन विचार आले. भाऊ उठणार नाही असं धरूनच बोलले की काय, हा एक. दुसरा असा, की शाळा सुटते ती अशीच सुटते. कुणी ओढून काढत नाही. घरात काहीतरी होतं, माणूस एक दिवस जात नाही, मग जातच नाही. माझी तशीच सुटली. ह्यांची तशीच. हे उठून बसले आणि बघतात तर भाऊ दुकानात वही घेऊन बसलेला, हे त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी बर्फ आणायला गेले. ह्यांचा जरा डोळा लागला होता. मी सरांना पत्र लिहायला बसले.

माझ्या वहीचे चारच कोरे कागद उरले होते. पहिल्यावर 'तीर्थरूप' लिहिलं आणि थांबले. सर काही माझे तीर्थरूप नव्हेत. दुसऱ्यावर हात सवयीनं चालला, 'इकडील सर्व मंडळी खुशाल आहे' असं लिहून गेला. वाचलं तेव्हा मलाच भरून आलं. खुशाल असतो तर पत्र कशाला लिहिलं असतं? तिसऱ्यावर शाई सांडली. चौथ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या होत्या. सरांना अशा कागदावर कसं लिहायचं? तो कोपरा मी पट्टी लावून सरळ फाडला, गोळ्यांच्या बाटलीखाली कोनाड्यात ठेवला, आणि उरलेल्या कागदावर लिहिलं.

ते पत्र मला अजून पाठ आहे.

'प्राध्यापकसाहेबांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी आपल्या विद्यार्थ्याची वहिनी. मी शिकलेली नाही, चूक पोटात घालावी. माझे दीर वडील भावाच्या आजारात रात्रंदिवस सेवेस आहेत, म्हणून त्यांचा निबंध राहिला. त्यांचा आळस नाही. तरी आपण कृपा करून थोडी मुदत वाढवून द्यावी. ते आपणास लिहिण्यास संकोचतात, म्हणून मी लिहिले. त्यांस रागावू नये.'

खाली नाव घातलं नाही. 'आपल्या विद्यार्थ्याची वहिनी' एवढंच पुन्हा लिहिलं, आणि भाऊजींच्या नावानं आमचा पत्ता. शेजारचा माणूस स्टेशनाकडे निघाला होता, त्याच्याजवळ पेटीत टाकायला पाकीट दिलं.

संध्याकाळी घरमालकांच्या बाईजी ह्यांना बघायला आल्या. राजस्थानाकडचं घराणं, पण चार पिढ्या इथल्याच. मला त्या 'बीनणी' म्हणत, म्हणजे सून. माझ्या बोलण्याची थट्टा करत, पण माझ्या आईच्या जागी त्याच होत्या. कोनाड्यातली बाटली उचलून त्यांनी खालचा तुकडा हातात घेतला.

"बीनणी, हा कोपरा कायचा गं?"

"गोळ्यांच्या वेळा आहेत, बाईजी. पत्र लिहिलं, त्याचा फाडला."

"आणि ते पत्र?"

"टाकलं की दुपारी."

बाईजींनी तुकडा हळूच होता तिथं ठेवला. त्या गप्प झाल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आमच्याकडे काय, त्यांच्याकडे काय, कोपरा फाडलेलं पत्र एकाच बातमीचं असतं. माणूस गेला. तसलं पत्र उंबऱ्यात वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात, घरात आणत नाहीत. माझे आजोबा गेले तेव्हा वडील अशी कार्डं लिहीत होते आणि कोपरे फाडायचं काम माझ्याकडे होतं. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? नवरा शेजारी तापानं फणफणतोय, आणि मी बायको असून माझ्या हातानं, पट्टी लावून, त्याच्या नावानं तसलं पत्र केलं.

मी तशीच चपला न घालता पोस्टात गेले. खिडकीतला बाबू कुलूप लावत होता. "डाक कव्हाच गेली बाई, गाडीनं. आन् गेली नसती तरी पेटीत पडलेलं परत देत न्हाईत. ते आता सरकारचं झालं."

परत आले तर बाईजी ह्यांच्या पायथ्याशी बसूनच होत्या. "अगं, रडते कायला? मेल्याची झूठी खबर उठली ना, की माणसाची उमर वाढते. माझा दीर तीनदा मेलाय असा. अजून चार भाकऱ्या खातो, आणि वर मलाच म्हणतो तूप कमी वाढलं." मी हसावं म्हणून त्या बोलत होत्या. मला हसू येईना.

भाऊजींना सांगावंच लागलं. कोपऱ्याचं ऐकायच्या आधीच ते तडकले. "माझ्या परस्पर लिहिलं? सर म्हनतील, वहिनीच्या पदराआड लपला." मग कोपऱ्याचं सांगितलं. "आता जर सरांनी दुखवट्याचं पत्र पाठवलं," ते म्हणाले, "तर दादाच्या हातात पडू देऊ नका."

त्यानंतरचे चार दिवस मी पोस्टमनच्या वाटेवर उभी राहून काढले. उत्तर यावं असं वाटे आणि येऊ नये असंही. ताप दुपारी चढायचा. हे काहीबाही बोलायचे, दुकानातल्या कुणाला हाका मारायचे. मी कोनाड्याकडे पाठ करून बसायची. पण वेळा त्याच तुकड्यावर होत्या, दर सहा तासांनी तो बघावाच लागायचा.

पाचव्या दिवशी पाकीट आलं. पत्ता बारीक, सरळ अक्षरात. भाऊजी नव्हते. पाकीट धरून मी दारातच उभी राहिले. उंबरा ओलांडून ते आत न्यायचा धीर होईना. तिथंच फोडलं. आधी चारी कोपरे पाहिले. मग पहिला शब्द.

'सौ. वहिनींस.'

पुढचं मी कितीतरी वेळ वाचलंच नाही. एक अक्षर आणि त्यापुढचं टिंब. सरांना कळलं होतं. माझं कुंकू आहे, हे त्या परक्या माणसानं सर्वांत आधी लिहिलं होतं.

मग वाचलं. पत्र पोचलं, निबंध महिनाअखेरपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस उशिरा घेईन. त्यापुढे माझ्या हाती नाही, कारण फॉर्म हैदराबादला युनिव्हर्सिटीत जातात. तुमचं पत्र मला पुरेसं आहे, ऑफिसला पुरणार नाही. तरी त्यानं स्वतःच्या सहीचा दोन ओळींचा अर्ज आणि डॉक्टरांची चिठ्ठी लगेच पाठवावी, म्हणजे मला प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे ठेवता येईल. आणि शेवटी, 'अशा वेळी मुदत मागण्यात कमीपणा नाही, हे त्याला सांगावे.'

भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं. उठून डॉक्टरांकडे चिठ्ठी आणायला गेले, येऊन दोन ओळींचा अर्ज लिहिला आणि स्वतः पोस्टात टाकून आले. अर्धा झालेला निबंध ट्रंकेतच होता. त्या दिवसापासून ट्रंक पलंगाजवळ ओढून तिच्यावर वही ठेवून लिहू लागले. मधेच उठून पट्टी बदलायचे, पुन्हा लिहायचे. विसाव्या-एकविसाव्या दिवशी ताप उतरला. डोळे उघडून ह्यांनी पहिलं काय विचारलं, तर "हा इथं कसा? कॉलेज न्हाई का?"

"आहे," मी म्हटलं. "सरांनी मुदत दिलीय."

महिनाअखेरच्या दोन दिवस आधी भाऊजी निबंध घेऊन गेले, आणि चार दिवसांनी मुद्दाम सांगायला परत आले. फॉर्मवर सही झाली होती. मग हे झोपल्यावर मला म्हणाले, "वहिनी, सरांनी पाकीट फोडलं, कोपरा दिसला तसे वाचायच्या आधीच उभे राह्यले म्हने. मंग सगळं वाचून खाली बसले. तुमचं पत्र माझ्या अर्जासंगं फायलीत लागलंय. त्याला वर कोपरा आहे."

"कसला कोपरा?"

"सरांनी कोरा कागद कापून डिंकानं चिटकवलाय. मला म्हनले, घरचा माणूस जिवंत आहे ना, मंग असं पत्र फायलीत ठेवू नये."

त्या सरांना मी कधी पाहिलं नाही. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या, पण कोनाड्यातला तो तुकडा काढायची मला भीती वाटत होती. त्या दिवशी काढला, तुळशीच्या मातीत पुरला, आणि हात धुऊन ह्यांची पेज चुलीवर ठेवली.